शनिवार-रविवारच्या थ्रोबॉल मॅचेसचे नियम, कॅप्टननी टीमसमोर मोठ्याने वाचायचे

आठ शाळांच्या आणि सहा कॉलेजच्या टीम येतायत. दरवेळी तेच होतं, पहिल्या मॅचला अर्धा वेळ "सर हे फाऊल कसं काय" यातच जातो, म्हणून यावेळी आधीच लिहून देतोय. मुलं-मुली दोघांनाही नियम हेच. सगळं वाचा, खासकरून कॅच आणि होल्डिंगचा भाग, कारण भांडणं सगळी तिथेच होतात.

कोर्टचं आधी पटकन सांगतो. लांबी 18.30 मीटर, रुंदी 12.20 मीटर, नेट 2.20 मीटर उंच. मधल्या लाईनच्या दोन्ही बाजूंना बॉक्स आखलाय, तो कुणाचाच नाही. बॉल चालू असताना त्यात पाय पडला तर फाऊल, आणि तुम्ही फेकलेला बॉल समोरच्या बॉक्समध्ये पडला तर पॉईंट त्यांना. बॉल बाहेरच्या लाईनवर पडला की तो आत धरायचा, चुन्याला नुसता चाटून गेला तरी आतच. लाईनवाल्याने हात दाखवला की विषय संपला.

कोर्टवर 9 जण, तीन ओळींत तीन-तीन. नाव देताना 12 जणांची यादी द्या, बदली खेळाडू त्यातलेच. एका सेटमध्ये जास्तीत जास्त 5 बदल आणि 30 सेकंदांचे 2 टाईम-आऊट. लीगला शाळांचे सेट 15 पॉईंटचे, कॉलेजचे 25 चे, तीनपैकी दोन जिंकायचे. फायनल दोघांचीही 25 चीच. सर्विस कुणाचीही असो, रॅली जो जिंकेल त्याला पॉईंट.

आता सर्विस. शिट्टी वाजल्यावर 5 सेकंदांत बॉल हातातून सुटला पाहिजे. शिट्टीच्या आधी टाकला तर मी एकदा परत टाकायला सांगेन, त्याच टीमने दुसऱ्यांदा केलं तर पॉईंट समोरच्यांना. मागच्या लाईनच्या बाहेर उभं राहायचं, एका हाताने, खांद्याच्या वरून फेकायचं. उडी मारून टाकली तरी चालते पण उडी मारताना पाय लाईनला लागला तर गेली सर्विस, बॉल सुटल्यानंतर आत आलात तर हरकत नाही. आणि हे दहावेळा सांगूनही पोरं विसरतात म्हणून परत लिहितो, सर्विसचा बॉल नेटला लागता कामा नये. रॅलीमध्ये नेटला लागून पलीकडे गेला तर खेळ चालू, सर्विसला लागला की फाऊल. मागच्या वेळी एका सेमीफायनलला 24-23 वर बॉल नेटच्या पट्टीला असा काही हलकेच घासून गेला की पलीकडच्यांनी तो कॅचसुद्धा केला, आणि मी शिट्टी वाजवल्यावर सर्विसवाली मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. तिला खरंच कळलं नव्हतं. पण पट्टी हललेली मला दिसली होती.

सर्विस परत मिळाली की रोटेशन होणार आणि जिचा नंबर तिनेच सर्विस टाकायची. "तिची सर्विस चांगली पडते म्हणून तिला पाठवलं" हे चालत नाही. स्कोअररकडे क्रम लिहिलेला असतो, चुकीचा माणूस गेला की पॉईंट गेला. घेणाऱ्या टीमने सर्विस टाकली जाईपर्यंत आपापल्या तीन ओळींत थांबायचं, आधीच पळापळ नको.

कॅच. दोन्ही हातांनी, एकाच झटक्यात, आणि हातात आलेला बॉल जागच्या जागी थांबला पाहिजे. एका हाताला लागून मग दुसऱ्या हातात आला, बोटांवर उडून परत धरला, पंजात गोल फिरला, हे सगळं डबिंग. सर्विस घेतानाही तेच, दोनदा स्पर्श नाही. छातीला, पोटाला, दंडाला लागला तरी फाऊल. जोरात आलेला बॉल पोटाशी कवटाळून धरायची सवय क्रिकेटमुळे लागलेली असते, ती इथे सोडा. मला कधीकधी दिसत नाही पण ऐकू येतं, साफ कॅचचा एकच आवाज येतो, टप्. दोन आवाज आले की माझी शिट्टी तोंडातच असते. कॅच घेताना पाय जमिनीवर हवेत, हवेत उडून धरलेली कॅच देणार नाही. आणि दोघांनी मिळून एक बॉल धरला तर तोही फाऊल, म्हणून "माझा" असं ओरडायला शिका, गप्प राहून दोघी धडकतात आणि पॉईंट फुकट जातो.

होल्डिंग म्हणजे काय यावर सगळ्यात जास्त वाद, म्हणून जरा सविस्तर. कॅच झाल्यापासून 3 सेकंदांत बॉल हातातून सुटला पाहिजे. मोजायला मी मनात "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणतो, तिसरं पूर्ण झाल्यावरही बॉल हातात दिसला की होल्डिंग. "सर मी फेकतच होते" हे कारण नाही, फेकायला हात मागे नेला म्हणून घड्याळ थांबत नाही. दुसरं म्हणजे कॅच जिथे झाली तिथून तो थेट खांद्यावर न्यायचा आणि फेकायचा. डावीकडे दाखवून उजवीकडून फेकणं, कमरेशी खाली नेऊन झोका घेऊन वर आणणं, या हातातून त्या हातात खेळवणं, सगळं फाऊल. हूल द्यायची तर डोळ्यांनी द्या, नजर एका कोपऱ्यात आणि बॉल दुसऱ्या, त्याला कुणी अडवलेलं नाही. बॉल हातात असताना पुढे पळत यायचं नाही. आपल्याच खेळाडूला पास द्यायचा नाही, ज्याने धरला त्यानेच पलीकडे टाकायचा. मागच्या ओळीतली मुलं हमखास घाबरून पुढच्याला देतात, कॅप्टननी प्रॅक्टिसमध्येच हे मोडून काढा.

थ्रो एकाच हाताने आणि खांद्याच्या लाईनच्या वरून. खालून किंवा बाजूने हात फिरवून टाकला तर फाऊल, कितीही सुंदर पडला तरी. उडी मारून फेकलं तर चालतं, कॅचला उडी नाही आणि थ्रोला आहे, एवढं डोक्यात ठेवा. बॉल अँटेनाला लागला किंवा अँटेनाच्या बाहेरून गेला तर पॉईंट समोरच्यांना.

शंका असेल तर फक्त कॅप्टनने विचारायचं, तेही बॉल डेड झाल्यावर. बाहेरून पालक आणि कोच यांनी "डबिंग डबिंग" ओरडू नये, एकदा समज देईन, मग त्या टीमचा एक टाईम-आऊट कापला जाईल. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा, नखं कापून या, आमच्याकडे नेलकटर आहे पण रांग लागते. शनिवारी पहिली मॅच साडेसातला, टीमने सातला हजर राहायचं, शिट्टीनंतर 10 मिनिटांत 9 जण कोर्टवर नसले तर मॅच समोरच्यांना.