पी-एन जंक्शन ते ट्रान्झिस्टर: डिप्लोमा दुसऱ्या वर्षाचा तास

स्लाइड १ : शुद्ध सिलिकॉन

बसा सगळे. मागचा पंखा बंद करा रे, आवाज येतोय.

सिलिकॉनच्या अणूत बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन. चारही शेजाऱ्यांबरोबरच्या बंधात अडकलेले, म्हणजे करंट वाहून न्यायला कोणी मोकळं नाही. वर्गातल्या तापमानाला उष्णतेनं थोडे बंध तुटतात, तेवढेच इलेक्ट्रॉन सुटतात. किती? एका घन सेंटिमीटरमध्ये अणू ५ × १०²² आणि मोकळे इलेक्ट्रॉन साधारण १०¹⁰. दोन्ही आकडे वहीत घ्या.

स्लाइड २ : डोपिंग

आता फॉस्फरस घाला. त्याचे बाहेरचे इलेक्ट्रॉन पाच. चार बंधात गेले, पाचवा मोकळा. हा एन-टाइप. बोरॉन घातला तर त्याच्याकडे तीनच, म्हणून एका बंधात जागा रिकामी राहते. तो होल. शेजारचा इलेक्ट्रॉन त्या जागेत सरकला की होल शेजारी गेला. हा पी-टाइप.

प्रमाण बघा: घन सेंटिमीटरला १०¹⁶ फॉस्फरस, म्हणजे पन्नास लाख अणूंमागे एक. एवढ्याशा भेसळीनं मोकळे इलेक्ट्रॉन दहा लाख पट वाढले. त्याच वेळी एन-टाइपमधले होल १०¹⁰ वरून १०⁴ वर उतरले. या उरलेल्या होलना मायनॉरिटी कॅरिअर म्हणतात. यांना विसरू नका, आजचा अर्धा तास यांचाच आहे.

आणि "एन-टाइप ऋणभारित असतो" हे उत्तरपत्रिकेत दरवर्षी येतं. इलेक्ट्रॉन एक जास्त, तसा फॉस्फरसच्या केंद्रकात प्रोटॉनही एक जास्त. तुकडा उदासीनच.

स्लाइड ३ : जंक्शन

दोन तुकडे चिकटवून जंक्शन होत नाही. एकाच स्फटिकाच्या एका बाजूला बोरॉन, दुसऱ्या बाजूला फॉस्फरस. एन बाजूला इलेक्ट्रॉनांची गर्दी, पी बाजूला होलची, त्यामुळे दोघेही सीमा ओलांडून पसरतात आणि भेटले की संपतात. मागे काय राहिलं? एन बाजूला धनभारित फॉस्फरस, पी बाजूला ऋणभारित बोरॉन. हे आयन स्फटिकात रुतलेले, हलत नाहीत. त्यांच्यामुळे एनकडून पीकडे विद्युतक्षेत्र तयार होतं आणि पुढचं पसरणं अडतं. हा डिप्लिशन रीजन, रुंदी एक मायक्रोमीटरच्याही आत. सिलिकॉनमध्ये या अडथळ्याची उंची साधारण ०.७ व्होल्ट.

"सर, मग सुट्या डायोडला मल्टिमीटर लावला तर ०.७ दिसेल?" चांगला प्रश्न. नाही दिसणार. टोकांच्या धातूजवळही असेच विभवांतर असतात, सगळ्यांची बेरीज शून्य. नाहीतर डायोड फुकटची बॅटरी झाला असता!

स्लाइड ४ : एकाच दिशेनं का

पी ला धन, एन ला ऋण टोक जोडलं की अडथळा उतरतो. दर ६० मिलिव्होल्टला करंट जवळजवळ दहापट होतो, म्हणून आलेख ०.६–०.७ च्या आसपास एकदम उसळतो. मालिकेत रेझिस्टर नसेल तर डायोड जळतो.

जोडणी उलटी केली की अडथळा चढतो. गर्दीतल्या इलेक्ट्रॉनांना हा चढ जमत नाही. पण इथं नीट ऐका. पी बाजूचे जे मोजके इलेक्ट्रॉन आहेत, त्यांना हाच चढ उतार आहे. ते बिनबोभाट पलीकडे घसरतात. म्हणजे उलट्या दिशेचा रस्ता बंद नाही, त्यावर जायला कोणी नाही. म्हणूनच रिव्हर्स करंट इतका क्षुल्लक, आणि तापमान वाढलं की तो वाढतो.

स्लाइड ५ : ट्रान्झिस्टर

मग त्या उतारावर कोणी मुद्दाम इलेक्ट्रॉन आणून सोडले तर? हाच ट्रान्झिस्टर. एनपीएनमध्ये बेस-कलेक्टर जंक्शन रिव्हर्स, बेस-एमिटर फॉरवर्ड. एमिटर पी-टाइप बेसमध्ये इलेक्ट्रॉन ओततो, तिथं ते मायनॉरिटी. बेस इतका पातळ की होलशी गाठ पडायच्या आत बहुतेक जण कलेक्टरच्या उतारावर पोचतात. वाटेत थोडे हरवतात आणि काही होल बेसमधून एमिटरमध्ये जातात. ती भरपाई म्हणजे बेस करंट. बीसी५४७ मध्ये कलेक्टर करंट त्याच्या शंभराहून जास्त पट मिळतो.

दोन डायोड पाठीला पाठ लावून ट्रान्झिस्टर का होत नाही, हेही यातच आलं. मधल्या तारेत इलेक्ट्रॉन मायनॉरिटी राहतच नाहीत.

एमिटरचं डोपिंग कलेक्टरपेक्षा कितीतरी जास्त असतं, त्यामुळे पाय उलटे लावले तर गेन पडतो. उद्या प्रॅक्टिकलला बीसी५४७ आणि मल्टिमीटर घ्या, डायोड मोडवर लाल प्रोब बेसला ठेवा. दोन रीडिंगपैकी किंचित मोठं येईल तो पाय एमिटर.