गृहमूल्यमापन अहवाल: स्ट्रोकनंतर आजींसाठी न्हाणीघर, संडास आणि झोपण्याच्या खोलीतील बदल

रुग्ण: आजी, वय ७२ वर्षे, उजव्या हाताच्या वापराची सवय
निदान: मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकून स्ट्रोक (७ आठवडे झाले), डाव्या हातापायात अशक्तपणा, डाव्या बाजूचे भान कमी
घर: पुण्यातील पेठेतल्या जुन्या इमारतीत पहिला मजला, भाड्याची जागा
भेटीच्या वेळी हजर: आजी, मुलगा, सूनबाई, दिवसा सांभाळायला येणाऱ्या मावशी
भेटीची तारीख: १४ नोव्हेंबर २०२४

सध्याची स्थिती

आजी उजव्या हातात चार पायांची काठी धरून आणि कुणीतरी सोबत असताना घरात दहा-बारा पावले चालतात. बसून उठायला एका माणसाचा आधार लागतो. रोजची कामे स्वतः किती करता येतात हे मोजणारा बार्थेल निर्देशांक १०० पैकी ४५. डाव्या हाताला गरम-गार नीट कळत नाही, डावा खांदा सैल झाला आहे.

बोलता बोलता सूनबाईंनी सांगितले, "हल्ली चटणी-कोशिंबिरीला हातच लावत नाहीत, तोंडाची चव गेली असेल." जेवायच्या वेळी मी थांबून पाहिले. भाजी, आमटी, पोळी सगळे संपले होते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर तशीच होती. ताट अर्धे फिरवून ठेवल्याबरोबर आजींनी कोशिंबीर खाल्ली आणि "ही कधी वाढलीस?" असे विचारले. चव गेलेली नाही. ताटाची डावी बाजू त्यांच्या लक्षातच येत नाही. चालतानाही तेच होते. संडासाच्या दाराच्या चौकटीला डावा खांदा दोनदा घासला, त्यांना कळले नाही. पुढच्या सगळ्या सूचना या एका गोष्टीवर बेतलेल्या आहेत.

आजींची स्वतःची इच्छा मी विचारली. "आंघोळीला आत कुणी नको," एवढेच म्हणाल्या. हे आज शक्य नाही, पण मावशी दाराबाहेर उभ्या राहतील इथपर्यंत पोचणे हे आपले ध्येय धरले आहे.

झोपण्याची खोली

पलंगाची उजवी बाजू पूर्वेच्या भिंतीला टेकलेली आहे. त्यामुळे आजींना दर वेळी डाव्या कुशीवर वळून, अशक्त हात अंगाखाली दाबून उठावे लागते. खांदा दुखण्याचे एक कारण हे असू शकते. पलंग फिरवायचे मी सुचवले, पण तसे केल्यास डोके उत्तरेला येते आणि ते घरात कुणालाच चालणार नाही. मग दुसरा उपाय निघाला: दिशा तीच ठेवून पलंग पश्चिमेच्या भिंतीला लावायचा आणि तिथले लोखंडी कपाट पूर्वेला न्यायचे. डावी बाजू भिंतीकडे जाते, उजवी मोकळी होते. खर्च काही नाही. हे आजच करावे. पलंगाच्या उजवीकडे किमान ३६ इंच जागा कायम रिकामी हवी.

पलंगाची उंची गादीसकट १३ इंच आहे आणि कापसाची गादी बसल्यावर आणखी दबते. आजींच्या गुडघ्यामागची उंची १५ इंच. म्हणून त्यांना अक्षरशः खड्ड्यातून वर यावे लागते. सुताराकडून ४ इंच उंचीचे, वर खोबण असलेले लाकडी ठोकळे करून पायांखाली बसवावेत. विटा ठेवू नयेत, त्या सरकतात. गादी काथ्याची, घट्ट घ्यावी. काठावर बसल्यावर दोन्ही टाचा जमिनीला टेकतात की नाही ते पाहावे.

पाणी, चष्मा आणि हाक मारायची घंटा उजव्या हाताशी. गप्पा मारायला, चहा द्यायला मात्र घरच्यांनी मुद्दाम डावीकडे बसावे. मान तिकडे वळण्याचा तो रोजचा सराव. जाजम काढून टाकावे. पलंगापासून संडासापर्यंत जमिनीलगत रात्रीचे दोन दिवे लावावेत.

संडास

सगळ्यात जास्त धोका इथे आहे. भारतीय पद्धतीचे भांडे ५ इंच उंच ओट्यावर आहे. घरच्यांनी त्यावर कमोड खुर्ची ठेवून पाहिली होती. मी मोजले: ओटा २४ इंच रुंद, खुर्चीच्या पायांमधले अंतर २१ इंच. म्हणजे प्रत्येक पाय काठापासून जेमतेम दीड इंचावर. आजी डावीकडे झुकून बसतात. खुर्ची त्याच बाजूला ओट्यावरून खाली जाईल. ही खुर्ची ओट्यावर पुन्हा ठेवू नये.

ओटा फोडून, जमीन सपाट करून पाश्चात्त्य कमोड बसवावा, बैठक १७ इंचांवर. घरमालकांची परवानगी मुलाने घेतली आहे. काम होईपर्यंत कमोड खुर्ची पलंगाच्या उजवीकडे, भिंतीला टेकवून ठेवावी. आजींना याचा संकोच वाटतो, तेव्हा मधे जाड पडदा लावावा आणि भांडे लगेच रिकामे करावे.

कमोडवर बसल्यावर उजव्या हाताला येणाऱ्या भिंतीवर इंग्रजी एल आकाराचा दांडा हवा. दांड्याची जाडी सुमारे दीड इंच, भिंतीपासून अंतर दीड इंच, आडवा भाग जमिनीपासून ३३ इंच. ही भिंत साडेचार इंची आहे, त्यामुळे नुसत्या टाइलमध्ये स्क्रू मारून चालणार नाही. आरपार बोल्ट घालून मागे पट्टी द्यावी. हवेने चिकटणारे दांडे आणू नयेत, टॉवेलच्या दांड्यावर भार देऊ नये. जेट स्प्रे उजवीकडेच.

दार आतल्या बाजूला उघडते. आजी आत पडल्या तर त्यांच्याच अंगाने दार अडेल. बिजागऱ्या बदलून ते बाहेर उघडणारे करावे, आतली कडी काढून बाहेरूनही उघडता येईल असा खटका लावावा.

न्हाणीघर

पाटावर बसून आंघोळ बंद. पाठीला टेकायला जागा आणि पायांना रबर असलेली आंघोळीची खुर्ची आणावी, बैठक १७ इंच. बादली जमिनीवर नको, उजवीकडे स्टुलावर ठेवावी म्हणजे तांब्या घ्यायला वाकावे लागणार नाही. खाली घसरण थांबवणारी मॅट. ती रोज उभी करून वाळवावी, बुळबुळीत मॅट फरशीपेक्षा वाईट.

बादलीत आधी गार पाणी, मग गरम. पाणी मावशींनी आणि आजींनी *उजव्या* हाताने तपासायचे. डाव्या हाताला चटका कळणार नाही.

उंबरा ३ इंचांचा आहे. तो काढल्यास पाणी बाहेर येईल, म्हणून ठेवला आहे. त्यावर ठळक पिवळी पट्टी लावावी. चौकटीच्या दोन्ही बाजूंना एकेक उभा दांडा लागेल. एकाने भागणार नाही: आत जाताना उजवीकडे असलेला दांडा बाहेर येताना डावीकडे जातो आणि तो हात धरू शकत नाही. सर्व जागांवर मी पेन्सिलने खुणा केल्या आहेत. कारागिराने त्याच खुणांवर छिद्रे पाडावीत.

मावशींना आणि सूनबाईंना दाखवलेले

उठवताना डावा हात किंवा काख धरून ओढायचे नाही. कमरेच्या पट्ट्याला धरावे, आजींच्या डावीकडे किंचित मागे उभे राहावे. उंबरा ओलांडताना आधी काठी, मग उजवा पाय, मग डावा. बाहेर उतरताना काठी, डावा, उजवा. मावशींनी तीनदा नीट करून दाखवले. सूनबाई घाईत खांद्याला हात घालतात, त्यांचा सराव पुढच्या भेटीत पुन्हा घेईन.

क्रम

आज: पलंग हलवणे, जाजम काढणे, खुर्ची ओट्यावरून खाली. या आठवड्यात: ठोकळे, रात्रीचे दिवे, आंघोळीची खुर्ची, मॅट, दाराची दिशा. तीन आठवड्यांत: ओटा, कमोड, दांडे. दांडे बसल्यावर त्यावर आधी मुलाने पूर्ण भार देऊन पाहावे, मगच आजींना धरू द्यावे.

पुढची भेट ५ डिसेंबर २०२४, सकाळी आंघोळीच्या वेळी, म्हणजे प्रत्यक्ष पाहता येईल. त्याआधी पडणे, खांद्याचे दुखणे वाढणे किंवा डाव्या हाताला सूज असे काही झाल्यास भेटीची वाट न पाहता कळवावे. बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे किंवा नव्याने ताकद जाणे असे दिसले तर मला फोन करण्यात वेळ न घालवता १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट, न्यूरो-पुनर्वसन
(प्रत: उपचार करणारे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, कुटुंब)