सुरक्षा तपासणी अहवालावरील शेरे: टॉवर बी, १८ तारखेची पाहणी

प्रति: साइट सेफ्टी ऑफिसर, टॉवर बी
प्रत: प्रोजेक्ट मॅनेजर, परांची कंत्राटदाराचे सुपरवायझर

अहवाल वाचला, फोटोही पाहिले. तुम्ही स्वतः परांचीच्या आठव्या लिफ्टपर्यंत चढून पाहिलंत हे फोटोंवरून कळतं. गेल्या दोन अहवालांत तेवढंही नव्हतं. नोंदी बहुतेक बरोबर आहेत. श्रेणी मात्र मला पटलेल्या नाहीत. जे सहज दिसतं ते वर चढलंय आणि ज्यात माणूस जाऊ शकतो ते खाली राहिलंय. श्रेणी ठरवताना किती जण सापडले हे मोजू नका. ही चूक तशीच राहिली तर वाईटात वाईट काय होईल, ते पाहा. आणि ‘जागेवरच दुरुस्त केले’ म्हणून श्रेणी उतरत नाही. फक्त नोंद बंद होते.

नोंद १: हेल्मेट
अहवालात: गंभीर. फेरश्रेणी: तीन भागांत.

४६ पैकी ३ जण विनाहेल्मेट आणि ७ जणांचे हनुवटीचे पट्टे सुटलेले, हे सगळं एकाच ओळीत आलंय. ते वेगळं करा. क्रेनच्या माऱ्याखाली उभा असलेला विनाहेल्मेट कामगार: गंभीर. सळई यार्डातले दोघे, जिथे वर काहीच काम नाही: मध्यम. पट्टा सुटलेल्यांपैकी चार परांचीवर होते, तेही गंभीर. माणूस वाकला की हेल्मेट निसटतं आणि खालच्याच्या डोक्यावर पडतं. तो स्वतः पडला तर डोकं उघडं. जमिनीवरचे तिघे किरकोळ. ‘काही हेल्मेट जुनी वाटली’ हे वाक्य काढा. उत्पादनाची तारीख टोपीच्या आतल्या बाजूला असते. ती लिहा, तडा आहे का ते लिहा.

नोंद २: पूर्वेकडील परांची, टाय काढलेले
अहवालात: मध्यम. फेरश्रेणी: अतिगंभीर. काम बंद.

सहाव्या ते आठव्या लिफ्टमधले चार टाय खिडक्यांच्या चौकटी बसवताना काढले आणि परत लावले नाहीत. त्याच भागावर हिरवी जाळी घट्ट बांधलेली आहे, जी अहवालात नाही पण फोटो ९ मध्ये स्पष्ट दिसते. जाळीमुळे परांचीवर वाऱ्याचा जोर वाढतो, आणि तो पेलायला लागणारे टायच नाहीत. ही परांची कोसळण्याची शक्यता आहे, एकटा माणूस पडण्याची नव्हे. पाहणी टॅगवरची तारीख ११ दिवसांपूर्वीची, म्हणजे सात दिवसांची तपासणीही चुकली. हिरवा टॅग आजच उतरवून लाल लावा. चौकटवाल्यांना टाय काढायला परवानगी कोणी दिली, हे अहवालात हवं. उत्तर ‘कोणीच नाही’ असेल तर तेच लिहा.

नोंद ३: टो-बोर्ड नाहीत
अहवालात: मध्यम. फेरश्रेणी: गंभीर, कारण खाली कामगारांचं प्रवेशद्वार आहे. मागच्या बाजूला असते तर मध्यम चाललं असतं.

नवी नोंद ४, माझ्याकडून
फोटो १४ मध्ये कोपऱ्यातली उभी नळी बेस प्लेटऐवजी दोन विटांवर उभी आहे. तुम्ही फोटो मधल्या आडव्या दांड्यासाठी काढलात, खाली नजर गेली नाही. अतिगंभीर, नोंद २ सोबतच दुरुस्ती.

नोंद ५: वेल्डिंग परमिट
अहवालात: किरकोळ, ‘कागदपत्रातील त्रुटी’. फेरश्रेणी: गंभीर.

परमिट दिल्याची आणि बंद केल्याची, दोन्ही सह्यांची वेळ सकाळी ८.३०. म्हणजे काम सुरू होण्याआधीच काम संपल्याची सही. वेल्डिंग थांबल्यावर किमान अर्धा तास आगीवर लक्ष ठेवायचं असतं. ते कोणी ठेवलं नाही, एवढाच याचा अर्थ. ठिणगी फोमच्या थरात तासभरही धुमसत राहू शकते.

नोंद ६: भूमिगत टाकीतील प्रवेश
अहवालात: ‘पालन झाले’. फेरश्रेणी: अतिगंभीर. काम बंद.

परमिटवर ऑक्सिजन २०.८ टक्के, वेळ ९.००. ज्वलनशील वायूचा रकाना कोरा. आत सॉल्व्हंटवाला प्रायमर लावत होते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचते; तोंडाशी घेतलेल्या ऑक्सिजनच्या आकड्यावरून तळाचं काही कळत नाही. वर, मधे आणि तळाशी मोजणी, काम चालू असताना सतत मीटर, हवा खेळती ठेवणारा ब्लोअर आणि तोंडाशी कायम एक माणूस. यांतलं एकही कमी असेल तर परमिट देऊ नका.

नोंद ७, उंचीवरील कामाच्या परमिटवर मजला लिहिलेला नाही: किरकोळ, मान्य.

नोंदी २, ४ आणि ६ चं काम आज दुपारपासून बंद राहील. पुन्हा सुरू करण्याची सही माझी. गंभीर नोंदींना २४ तास, मध्यमना सात दिवस. सुधारित अहवाल उद्या ११ पर्यंत द्या, प्रत्येक नोंदीसमोर जबाबदार माणसाचं पद लिहून. ‘कंत्राटदार’ एवढंच लिहिलेलं स्वीकारणार नाही.

विभागीय सुरक्षा प्रमुख