बीजगणिताच्या पेपरातील प्रश्न ३ (ब) पुन्हा तपासण्याबाबत विनंती

विश्रामबाग, सांगली
२१ नोव्हेंबर २०२४

आदरणीय सर,
सा. न.

प्रथम सत्राचा बीजगणिताचा पेपर काल मिळाला. प्रश्न ३ (ब) मध्ये x² + 8x − 48 = 0 हे समीकरण सोडवायचे होते. मला ३ पैकी १ गुण मिळाला असून पायऱ्यांवर लाल रेघ आहे.

वर्गात आपण अशी उदाहरणे अवयव पाडून सोडवली होती. मी पूर्ण वर्ग पद्धत वापरली. दोन्ही बाजूंत १६ मिळवले की (x + 4)² = 64 येते, म्हणून x + 4 = ±8, आणि x = 4 किंवा x = −12. दोन्ही किमती मूळ समीकरणात घालून पाहिल्या, शून्यच येते. प्रश्नात फक्त ‘सोडवा’ असे होते, पद्धत दिलेली नव्हती. शिवाय ही पद्धत आपल्या पाठ्यपुस्तकातही आहे.

१६ कुठून आले ते मी समासात बारीक अक्षरात लिहिले आहे, कदाचित ते नजरेतून सुटले असेल. सवडीने एकदा पाहावे, ही विनंती. एखादी पायरी खरोखरच राहिली असेल तर तीही सांगा, बोर्डाच्या पेपरात तशीच लिहीन. उत्तरपत्रिका सोबत जोडली आहे.

आपली विद्यार्थिनी,
श्रावणी
इयत्ता दहावी ब, हजेरी क्र. २३