टाचणीवाल्याचा उमेदवार

यॉर्क, 1430

मी सेल्बीजवळच्या खेड्यातला. बापाने मला टाचणीवाल्या उस्तादांकडे ठेवलं, त्या दिवशी कारकुनाने करार वाचून दाखवला. सात वर्षं उस्तादांच्या घरी राहायचं, फासे खेळायचे नाहीत, लग्न करायचं नाही, धंद्यातली गुपितं बाहेर फोडायची नाहीत. बापाने एकच विचारलं, "जेवायला काय घालणार?"

जेवायला राईचा पाव, वाटाण्याचं कढण आणि पातळ बिअर. शुक्रवारी खारवलेला हेरिंग. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस तर हेरिंग, हेरिंग आणि हेरिंग. बाई, म्हणजे उस्तादांची बायको, माझ्या वाटीत एखादा डाव जास्त टाकतात, पण ते उस्तादांची पाठ वळली की.

लोकांना वाटतं टाचणी म्हणजे काय, तारेचा तुकडा. आधी पितळेची तार पोलादी पट्टीच्या भोकांतून ओढायची, एकापेक्षा एक बारीक भोकातून. मग सरळ करून तोडायची. पुढचं काम माझं. गाईच्या पायाचं हाड घेतात, त्याचं टोक चपटं करून त्यावर बारीक खाचा पाडतात. खाचेत तार धरायची आणि बोटांत फिरवत फिरवत कानशीने टोक काढायचं. तार फिरवायची थांबली की टोक एका अंगाला जातं. डोकं वेगळं: बारीक तारेचे दोन वेढे वर बसवून हातोडीने ठोकायचे. माझा अंगठा कायम हिरवट असतो, पितळेने. शहरातल्या यच्चयावत बायकांच्या डोक्यावरचं कापड आमच्या टाचण्यांवर टिकून आहे, पण आम्हाला कोण विचारतो? मान सगळा कापड व्यापाऱ्यांना. फॉसगेटला त्यांचा सभागृहाचा वाडा बघा, म्हणजे कळेल.

यंदा ईस्टरच्या तोंडावर एका व्यापाऱ्याच्या घरून मोठी मागणी आली. दिवसा काम उरकेना. रात्री काम करायला गिल्डची, म्हणजे आमच्या धंद्याच्या संघाची, मनाई आहे, कारण दिव्याच्या उजेडात माल खराब होतो आणि आगीचं भय वेगळंच. उस्तादांनी झडपा लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या आणि चरबीची बत्ती लावली. उजेड बाहेर गेला नाही, पण वास कसा कोंडणार? चरबी जळाली की अख्ख्या गल्लीला कळतं.

दोन दिवसांनी गिल्डचे दोन तपासनीस दारात हजर. ते आमच्याच धंद्यातले, गिल्डने निवडलेले. त्यामुळे त्यांना फसवणं अवघड. एकाने ढिगातून टाचणी उचलली, टोक नखावरून ओढलं, मग डोकं चिमटीत धरून पिळलं. डोकं हातात आलं. दुसरी घेतली, तिचंही तेच.

"ही कधी ठोकली?" त्याने विचारलं.

"सकाळी," उस्ताद म्हणाले.

तपासनिसाने माझ्या तारवटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि काहीच बोलला नाही. सहा पेन्स दंड झाला. तीन ऊझ पुलावरच्या नगरसभेच्या खोलीत जमा, तीन गिल्डच्या नाटकाच्या गाड्याला.

गाडा म्हणजे कॉर्पस क्रिस्टीच्या सणाचा. त्या दिवशी जगाच्या उत्पत्तीपासून शेवटच्या न्यायापर्यंतची सगळी कथा शहरभर गाड्यांवर होते, एकेक प्रसंग एकेका धंद्याकडे. जहाजबांधणीवाले नोहाची नौका बांधतात, पाववाल्यांकडे प्रभूचं शेवटचं भोजन. आम्ही आणि रंगारी मिळून प्रभूला क्रुसावर ठोकतो. खिळे ठोकायचं म्हणजे टाचणीवाल्यांनीच ठोकावं, हे ठरवणाऱ्याला विनोदबुद्धी असणार!

सगळ्यांनी पहाटे चार ते पाचच्या दरम्यान टॉफ्ट ग्रीनला तयार राहायचं असा नगरसभेचा हुकूम. आमची पाळी दुपार टळल्यावर. तोवर मी गाड्याच्या सावलीत झोप काढली. मग निघालो. मिकलगेटचा उतार, ऊझवरचा पूल, कोनी स्ट्रीट. ठिकठिकाणी थांबायचं, तोच प्रसंग पुन्हा, मग पुढे ढकला. मी मागच्या चाकाशी होतो.

आमच्या प्रसंगात चार शिपाई असतात. क्रुसाची भोकं चुकीच्या जागी पाडलेली, म्हणून हात तिथवर पोचत नाहीत. मग शिपाई दोर बांधून ओढतात आणि एकमेकांवर खेकसतात, एखादं तुळईचं काम बिघडलेले सुतार खेकसतात तसे. लोक आधी हसतात, मग कुणीतरी रडायला लागतं.

स्टोनगेटला दोर ताणला तेव्हा उस्ताद बाईंना कोपराने ढोसत म्हणाले, "दोर नवा आहे, बघितलास? माझे तीन पेन्स आहेत त्यात."

"मग पुढच्या वर्षी आणखी दोन रात्री जागा," बाई म्हणाल्या, "गाड्याची चाकंही झिजलीत."