गणेशोत्सव २०२६ : जमलेली वर्गणी आणि बाबवार अंदाजपत्रक

आपल्या गल्लीतील सर्व रहिवासी, दुकानदार आणि देणगीदार यांस,

स.न.वि.वि.

यंदा श्रींची प्रतिष्ठापना सोमवार, १४ सप्टेंबरला आहे आणि विसर्जन अनंत चतुर्दशीला, शुक्रवार, २५ सप्टेंबरला. मांडव बारा दिवस उभा राहील. रविवार, २३ ऑगस्टच्या बैठकीत जे अंदाजपत्रक मंजूर झाले, ते इथे पूर्ण देत आहे. बैठकीला आलेल्यांनी ते ऐकले आहे. पण पैसे दिलेत तुम्ही सगळ्यांनी, म्हणून ते प्रत्येक घरात पोचलेच पाहिजे.

जमा किती

वर्गणी गोळा करण्याआधी सांगलीच्या सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडून कलम ४१ क खालची परवानगी घेतली आहे. तिची प्रत मांडवात लावू. पावतीपुस्तके क्रमांक घालून छापून घेतली, आणि कुठले पुस्तक कोणत्या कार्यकर्त्याकडे आहे याची नोंद माझ्याकडे सहीसह आहे. रविवारी सगळी पुस्तके परत आली आणि स्थळप्रती रकमेशी ताडून पाहिल्या.

| जमा | रुपये |
|---|---|
| घरांची वर्गणी (११८ पावत्या) | १,०३,४०० |
| दुकानदार व व्यावसायिक (१७ पावत्या) | ४६,५०० |
| विशेष देणग्या (४ पावत्या) | ३१,००३ |
| मागील वर्षाची शिल्लक | १२,६४० |
| एकूण | १,९३,५४३ |

यंदाच्या वर्गणी-देणगीपैकी १,१९,५०० रुपये थेट मंडळाच्या खात्यात आले आणि ६१,४०३ रुपये रोख. रोख रक्कम बँकेत भरली, भरणा चिठ्ठ्या फाइलला आहेत.

गल्लीत १४२ घरे आहेत. चोवीस घरांची वर्गणी अजून आलेली नाही, आणि ती या हिशेबात धरलेली नाही. "देतो म्हणालेत" या भरवशावर एकही सुपारी द्यायची नाही, असे ठरले आहे. हातात आहे तेवढ्यातच उत्सव बसवायचा. उरलेल्या घरांकडे कार्यकर्ते एकदा जातील. कुणी नाही म्हटले, किंवा पन्नासच रुपये दिले, तरी नमस्कार करून पुढच्या दारी जायचे. वर्गणी खुशीची आहे. यापुढे जे येईल ते राखीव निधीत जाईल, त्यावर नवा खर्च निघणार नाही.

देणगीदारांची नावे आणि आकडे फलकावर लावावेत, अशी सूचना आली होती. मी तिला विरोध केला आणि बैठकीने तो मान्य केला. फलकावर पावती क्रमांक आणि रक्कम एवढेच लागेल. आपली पावती नोंदली गेली का, हे ज्याला त्याला पाहता येईल. पण एकशे एक देणाऱ्या आजींना अकरा हजारांच्या खाली आपले नाव वाचावे लागू नये. आरतीला सगळे एका रांगेत उभे राहतात, तसेच फलकावरही असू दे.

खर्च कसा बसवला

| बाब | रुपये |
|---|---|
| मूर्ती (शाडू, तीन फूट) | १४,००० |
| मांडव | ३४,००० |
| रोषणाई व सजावट | १८,००० |
| वीजजोडणी व बिल | ७,५०० |
| पूजा, फुले, रोजचा प्रसाद, दक्षिणा | १३,५०० |
| महाप्रसाद | ४२,००० |
| मुलांच्या स्पर्धा व बक्षिसे | ८,००० |
| गायनाची बैठक व ध्वनिक्षेपक | १५,००० |
| विसर्जन मिरवणूक | २१,००० |
| परवानग्या, छपाई, फलक | ३,२०० |
| सुरक्षा व प्रथमोपचार | ४,५०० |
| स्वच्छता व निर्माल्य | २,८०० |
| एकूण खर्च | १,८३,५०० |
| राखीव निधी | १०,०४३ |

या यादीत "इतर" किंवा "किरकोळ" असे खाते नाही, आणि ते मुद्दाम ठेवलेले नाही. कुठल्याही मंडळाचा हिशेब बघा, कुजबुज नेहमी त्याच ओळीवर होते. चहा असो की सुतळी, प्रत्येक खर्च वरच्या बारापैकी एका बाबीखाली लिहायचा. बसत नसेल तर बैठकीत विचारायचा.

मांडवासाठी तीन दरपत्रके आली : २८,५००, ३४,००० आणि ४१,५००. सर्वात स्वस्त दर ताडपत्रीचा होता. सप्टेंबरमधल्या एका जोरदार सरीत ताडपत्रीत पाणी साचते आणि मग रात्री पोरांना बांबूने ते ढकलत बसावे लागते. मधल्या दरात लोखंडी सांगाडा आणि पत्रा आहे, म्हणून तो घेतला. सर्वात महागात पुढची कमान होती, ती सोडली. तिन्ही दरपत्रके फाइलला आहेत.

विजेसाठी महावितरणची तात्पुरती जोडणी घेत आहोत. कुणाच्या घरातून वायर ओढायची नाही, खांबावर आकडा तर नाहीच. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग तपासून घेऊ, त्याचा खर्च याच बाबीत आहे. अनामत परत मिळाली की ती जमेला दिसेल.

पूजेच्या बाबीत रोजचा प्रसाद ६,०००, हार-फुले ३,०००, प्रतिष्ठापना, सत्यनारायण आणि उत्तरपूजा मिळून गुरुजींची दक्षिणा ३,००० आणि पूजासाहित्य १,५०० असे धरले आहे. प्रसादाचा दिवस ज्या घराला घ्यायचा असेल त्यांनी नाव द्यावे. तेवढे ५०० रुपये वाचतील आणि ती बचत फलकावर लागेल.

महाप्रसाद

सर्वात मोठी रक्कम इथे आहे आणि ती असावी, असे मला मनापासून वाटते. वर्षभर एकमेकांच्या दारावरून नुसते जाणारे लोक या एका दुपारी शेजारी मांडी घालून जेवतात. म्हणून याची फोड पैशापर्यंत देतो. बेत असा : मसालेभात, बटाट्याचा रस्सा, पुरी, कोशिंबीर आणि शिरा. पाने ६००. तांदूळ ५० किलो एका दुकानदारांनी वस्तुरूपाने दिला आहे. त्याची पावती वेगळी आहे आणि रुपयांच्या जमेत तो धरलेला नाही.

तूप ८ किलो, ५,१२०. रवा, साखर, दूध, केळी, बेदाणे, वेलची मिळून ३,७८०. भाजी ६,२००. तेल ३० लिटर, ४,५००. कणीक ४० किलो, १,६८०. डाळ, मसाला, खोबरे, कोथिंबीर वगैरे ३,९२०. व्यावसायिक सिलिंडर ३, ५,७००. आचारी आणि मदतनीस ९,०००. पत्रावळी आणि पाणी २,१००. बेरीज ४२,०००, म्हणजे पानाला ७० रुपये.

तांदूळ मिळाला नसता तर पानाचा खर्च नक्कीच वाढला असता. शिऱ्यात तूप कमी करून पैसे वाचवावेत अशी एक सूचना होती. ती कुणीच उचलून धरली नाही, हे बरे झाले. वाढप्यांना मजुरी नाही, ते काम गल्लीतल्या मुला-मुलींनी घेतले आहे. भाजी बाजारातून आणताना पक्के बिल मिळत नाही. तिथे वजन, दर, तारीख लिहिलेली चिठ्ठी आणि सोबत गेलेल्या दोघांच्या सह्या, एवढे झाले तरच पैसे मिळतील.

मिरवणूक

तरुण कार्यकर्त्यांनी डीजेची मागणी केली होती, दर ४५,००० आला. तो खर्च म्हणजे महाप्रसाद आणि वर तीन हजार. पण माझा विरोध नुसत्या पैशासाठी नव्हता. मिरज दवाखान्यांचे गाव आहे. लांबलांबचे लोक इथे आपले आजारी माणूस घेऊन येतात, आणि मिरवणुकीच्या रात्रीही खिडकीआड कुणीतरी शस्त्रक्रियेनंतरचे पडलेले असते. निवासी भागात दिवसाही आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, डीजे त्यात बसत नाही. मुलांनी शेवटी हे मानले, याचा मला अभिमान आहे. बदल्यात लेझमाचा सराव आतापासूनच सुरू झाला आहे आणि त्यात यंदा मुलीही आहेत.

हलगी-घुमकं पथकाची बिदागी ९,०००, ट्रॅक्टर-ट्रॉली व डिझेल ४,५००, फुलांची सजावट ३,५००, चहा-पाणी-नाश्ता २,५००, लेझीम दुरुस्ती व नव्या जोड्या १,५००. गणेश तलावाकडे दुपारीच निघायचे आहे, म्हणजे लहान मुले आणि वयस्कर मंडळीही सोबत चालतील. निर्माल्य वेगळ्या पिशव्यांतून महापालिकेच्या निर्माल्य कुंडात जाईल.

गायनाची बैठक शनिवारी, १९ सप्टेंबरला. सतार आणि तंबोरे घडवणाऱ्या गावात गणपतीपुढे एक संध्याकाळ तरी सुरांची हवी. कलाकारांचे मानधन १०,००० आणि ध्वनिक्षेपक ५,०००. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद.

पैसे बाहेर कसे जातील

खरेदी करणारा, मंजुरी देणारा आणि पैसे देणारा अशी तीन वेगवेगळी माणसे. खरेदी त्या त्या बाबीचा प्रमुख करील, मंजुरी अध्यक्ष देतील, पैसे मी देईन. २,००० रुपयांवरची रक्कम रोख द्यायची नाही. बिल मंडळाच्या नावावरच हवे. एखादी बाब ठरल्यापेक्षा १,००० रुपयांपर्यंत वाढली तर अध्यक्ष आणि मी सही करून राखीव निधीतून देऊ आणि त्याच रात्री फलकावर लिहू. त्याहून जास्त वाढत असेल तर आरतीनंतर तिथेच सगळ्यांना विचारायचे. एका बाबीचे वाचलेले पैसे दुसरीत न विचारता वळवायचे नाहीत.

आजपर्यंत मूर्तीची आगाऊ रक्कम ४,०००, मांडवाची १०,००० आणि छपाईचे १,८५० असे १५,८५० रुपये गेले आहेत. शिल्लक १,७७,६९३ : बँकेत १,७४,६९३ आणि रोख ३,०००.

उत्सवात रोज रात्रीच्या आरतीनंतर त्या दिवसाचा खर्च मांडवातल्या फलकावर लागेल. किर्द आणि बिलांची फाइल आरतीनंतर अर्धा तास टेबलावर उघडी असेल. कुणीही पाने उलटावीत, प्रश्न विचारावेत. तपासणीसाठी कार्यकारिणीबाहेरचे दोन रहिवासी नेमले आहेत, एक निवृत्त बँक कर्मचारी आणि एक शिक्षिका. त्यांच्या सहीशिवाय अंतिम हिशेब वाचला जाणार नाही.

अंतिम जमाखर्च रविवार, ४ ऑक्टोबरला संध्याकाळी ६ वाजता, मांडवाच्या जागी. उरलेल्या रकमेचे काय करायचे हे त्याच सभेत ठरेल. शाळकरी मुलांना वह्या द्याव्यात, अशी एक सूचना आताच आली आहे, आणखी असल्यास लेखी द्याव्यात. सभेनंतर तोच हिशेब धर्मादाय कार्यालयात सादर होईल.

या पत्रकातला एखादा आकडा पटत नसेल, दर जास्त वाटत असेल किंवा त्याहून चांगला माल कमी दरात कुठे मिळतो हे माहीत असेल, तर ३० ऑगस्टपर्यंत मला सांगा. त्यानंतर उरलेल्या ऑर्डरी पक्क्या होतील.

आपला,
खजिनदार
मिरज, २४ ऑगस्ट २०२६