विषय: पुरवठादारांच्या यादीतल्या दुबार नोंदी – हे काम तुझ्याकडे देत आहे

स्नेहल,

पुरवठादारांच्या यादीचं काम आजपासून तुझ्याकडे. सकाळी घाईत मी नुसता विषय काढला होता. कशासाठी, कुठपर्यंत आणि कधीपर्यंत, ते इथे नीट लिहिते.

सोमवारी, २० तारखेला, आपला हिशेब नव्या सॉफ्टवेअरवर जाणार आहे. जुन्या यादीत १४०० नोंदी आहेत आणि त्यातल्या बऱ्याच दुबार आहेत. एकच पुरवठादार कधी 'अँड' लिहून, कधी '&' घालून, तर कधी नावात एक जादा स्पेस पडून दोनदा चढला आहे. बिल नंबर पुन्हा आला की सॉफ्टवेअर अडवतं, पण त्या एका खात्यापुरतंच. तेच बिल दुसऱ्या नोंदीवर टाकलं तर ते निमूट घेतं आणि पैसे दोनदा जातात. ॲडव्हान्स एका खात्यावर आणि बिल दुसऱ्यावर पडलं, तर देणं बाकी किती हा आकडाच चुकीचा दिसतो. हे सगळं तसंच पुढे गेलं आणि त्यावर नवे व्यवहार चढले, की निस्तरणं फार कठीण होईल. म्हणून आत्ताच.

मला हाती काय हवं आहे, तर एक एक्सेल शीट. प्रत्येक नोंदीपुढे तुझा निर्णय: ठेवायची, दुसऱ्या नोंदीत मिसळायची (कोणत्या, त्याचा कोड), की विचारायची. मिसळायच्या नोंदीपुढे कारण एका ओळीत लिही. सोबत एक पानाची टिपण, म्हणजे खरेदी विभागाला ती वाचून सही करता येईल. यादी प्रत्यक्ष सॉफ्टवेअरमध्ये बदलायची नाही. ते सही झाल्यावर आपण दोघी बसून करू.

नावावरून फार विसंबू नकोस. टॅक्स नोंदणी क्रमांक आणि बँक खातं, दोन्ही जुळले तरच दुबार धर. क्रमांक एक पण खाती वेगळी असतील तर ती एकाच कंपनीची दोन ऑफिसं असू शकतात. अशा नोंदी सरळ 'विचारायची' मध्ये टाक. चुकून दोन वेगळे पुरवठादार एकत्र होण्यापेक्षा एखादी दुबार नोंद राहिलेली मला चालेल.

खाते क्रमांकाच्या बाबतीत एक्सेल दगा देतं. फाइल उघडताना तो कॉलम 'टेक्स्ट' म्हणूनच आण. नाहीतर सुरुवातीचे शून्य गळतात आणि १५ अंकांच्या पुढचे अंक शून्य होतात. टेक्स्ट ठेवूनही COUNTIF असे लांब आकडे पहिल्या १५ अंकांवरच जुळवतं, म्हणजे वेगळी खाती सारखी दाखवतं. त्याऐवजी हे वापर (F कॉलममध्ये खाते क्रमांक धरून):

```
=SUMPRODUCT(--(F$2:F$1401=F2))
```

उत्तर १ पेक्षा जास्त आलं की ती ओळ तपासायची. खातं रिकामं असलेल्या ओळी आधी बाजूला काढ, त्या एकमेकींशी जुळलेल्या दिसतील.

खरेदी आणि स्टोअरच्या लोकांना तू थेट विचार, त्यांना मी सांगून ठेवलं आहे. पुरवठादारांना मात्र खाते क्रमांक विचारायला फोन किंवा मेल करू नकोस, आणि कुणी 'आमचं खातं बदललंय' म्हणून कळवलं तर ते माझ्याकडे पाठव. अशा निरोपांमधून फसवणूक होते; खात्री आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवरच करायची असते.

पूर्ण शीट आणि टिपण बुधवारी, १५ तारखेला संध्याकाळी ५ पर्यंत दे. त्यानंतरचे दोन दिवस खरेदी विभागाच्या तपासणीला लागतील, म्हणून ही तारीख पुढे सरकवता येणार नाही.

त्याआधी गुरुवारी, ९ तारखेला दुपारी ४ वाजता २० मिनिटं भेटू. तोवर पहिल्या २०० ओळी झालेल्या असू देत, तेवढ्याच पुरे. त्यातल्या तुला अडलेल्या पाच-सहा नोंदी घेऊन ये. आपले निकष बरोबर लागतायत का ते तिथेच कळेल, आणि बदलायचे असतील तर बाकीच्या १२०० ओळींची मेहनत वाचेल. वेग कमी वाटला तर तेही त्याच दिवशी सांग. महिनाअखेरच्या तुझ्या कामातलं काही मी दुसऱ्याकडे देईन.

हे काम तुला देण्यामागे कारण आहे. मागच्या महिन्यात बँकेचा ताळा जुळवताना रकमेवर न थांबता तू तो फरक कुठून आला तिथपर्यंत गेलीस. इथे नेमकं तेच लागणार आहे.

फाइल आपल्या शेअर्ड फोल्डरमध्ये Vendor_Master_Export.csv या नावाने आहे. मूळ फाइल तशीच ठेव, कॉपीवर काम कर. वाचून झालं की हे तुला जसं समजलं तसं दोन-तीन ओळींत उद्या सकाळपर्यंत लिहून पाठव, म्हणजे काही निसटलं असेल तर लगेच बोलता येईल.

मेधा